गाइडला पाठवायचा तो मेसेज

परवा आमच्या पीएचडीवाल्यांच्या ग्रुपवर एका मुलीने विचारलं, "बाबांना अ‍ॅडमिट केलंय, सोमवारी प्रोग्रेस मीटिंग आहे, सरांना काय लिहू?" दहा-बारा जणांनी "काळजी घे" लिहिलं, एकाने रजेच्या अर्जाचा नमुना टाकला. मी तिला फोन केला. तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हा मेसेज माझ्यावर दोनदा लिहायची वेळ आली. पहिल्यांदा चुकला, आणि ती चूक माझ्या फाइलमध्ये वर्षभर राहिली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री जेवण झाल्यावर बाबांच्या छातीत दुखायला लागलं. कळव्याहून खाडीपूल ओलांडून ठाण्यात आलो, त्यांना आयसीयूत घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी आरएसी होती, म्हणजे संशोधन सल्लागार समितीपुढचं प्रेझेंटेशन. रात्री पावणेबाराला मी मॅडमना लिहिलं: "मॅडम, खूप सॉरी. घरी अचानक अडचण आली आहे. उद्या यायला जमेल असं वाटत नाही. प्लीज समजून घ्या. खरंच खूप सॉरी मॅडम."

मॅडमनी सकाळी सातला उत्तर दिलं: "काळजी करू नकोस. प्रवास नको करूस, ऑनलाइन ये. पंधरा मिनिटांत आटपू." त्यांनी हे माझ्या सोयीसाठीच लिहिलं होतं. माझ्या मेसेजमधून त्यांना एवढंच कळलं होतं की काहीतरी अडचण आहे आणि येणं कदाचित जमणार नाही. आयसीयू हा शब्द मी लिहिलाच नव्हता. बैठक पुढे ढकला, असंही कुठे म्हटलं नव्हतं. "जमेल असं वाटत नाही" याचा अर्थ त्यांनी ठाण्याहून विभागापर्यंत येणं जमणार नाही असा घेतला, आणि तो अर्थ चुकीचा नव्हता. आता नाही कसं म्हणायचं, म्हणून मी "हो मॅडम" लिहून टाकलं.

दुपारी हॉस्पिटलच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या पायरीवर बसून मी प्रेझेंटेशन दिलं. माझा विषय खाडीकाठच्या कोळीवाड्यांतल्या मासे विकणाऱ्या बायकांचा आहे, चेंदणीपासून दिवाळ्यापर्यंत. बाहेरच्या सदस्यांनी साधा प्रश्न विचारला: या ४२ जणी तुम्ही कशा निवडल्या? उत्तर मला तोंडपाठ होतं. पण त्याच वेळी वरून वॉर्डबॉयने बाबांच्या नावाने हाक मारली आणि मी कॅमेरा बंद करून पळाले. परत आले तेव्हा समितीचं बोलणं संपलं होतं. अहवालात शेरा आला, "नमुना निवडीचे स्पष्टीकरण असमाधानकारक".

बाहेरून बघणाऱ्याला हा शेरा किरकोळ वाटेल. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत लिहिलंय की विद्यार्थ्याने दर सत्रात एकदा समितीपुढे यायचं, कामाचा आढावा द्यायचा. प्रगती असमाधानकारक वाटली तर समिती कारणं नोंदवते आणि सुधारणा सुचवते. त्या सुधारणा झाल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस करायचा अधिकारही तिला आहे. माझ्या बाबतीत तिथवर गेलं नाही. पण पुढची दोन सत्रं प्रत्येक बैठकीची सुरुवात त्या शेऱ्यापासून व्हायची, आणि तो हॉस्पिटलच्या जिन्यात मिळाला होता हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

या ऑक्टोबरात आई पडली. मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमारास, स्वयंपाकघरातून बाहेर येताना. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, टाच जमिनीवरून सरकवताही येईना. एक्स-रेत खुब्याचं हाड मोडलेलं दिसलं. ऑपरेशन शक्य तितक्या लवकर हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं, पण ती रक्त पातळ करणारी गोळी घेते, त्यामुळे भूलतज्ज्ञांनी तपासल्याशिवाय वेळ ठरणार नव्हती. बुधवार किंवा गुरुवार. गुरुवारी सकाळी ११ ला माझी आरएसी. भाऊ बंगळुरूला, तो बुधवारी रात्री पोचणार होता.

कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर बसून मी हे लिहिलं:

"नमस्कार मॅडम. गुरुवारी ११ च्या आरएसीला मी येऊ शकणार नाही, ऑनलाइनसुद्धा नाही. आज संध्याकाळी आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलंय, ठाण्यात अ‍ॅडमिट केलंय. ऑपरेशन उद्या किंवा परवा आहे आणि तिच्याजवळ मी आहे. बैठक याच सत्रात पुढे घ्यावी अशी विनंती आहे. नवी तारीख आत्ता सांगता येत नाही, शनिवारी संध्याकाळपर्यंत नक्की कळवते. तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा आणि स्लाइड तयार आहेत, उद्या सकाळी मेल करते. बाहेरच्या सदस्यांना तुम्ही कळवाल की मी मेल करू? फोन उचलता येईलच असं नाही, मेसेज बघते आहे."

यातली पहिली ओळ लिहायला सगळ्यात जड जाते. आपल्याला मोठ्या माणसांना थेट "येणार नाही" म्हणायची सवय नसते. आधी क्षमा मागायची, मग परिस्थिती सांगायची, मग समोरच्याने स्वतःहून "राहू दे" म्हणावं अशी वाट बघायची. एरवी ही रीत मला आवडते. पण रात्री साडेनऊला गाइडच्या फोनवर नोटिफिकेशनमध्ये पहिल्या दोनच ओळी दिसतात. तिथे दिवस, वेळ आणि नकार दिसला तर त्या लगेच उघडतात. "सॉरी मॅडम" दिसलं तर सकाळी बघू म्हणतात, आणि सकाळी उशीर झालेला असतो. "ऑनलाइनसुद्धा नाही" हे शब्द अर्थातच त्या जिन्यातून आले.

आजाराचं किती सांगायचं? माझं म्हणणं, समोरच्याला काळाचा अंदाज येईल एवढंच. खुब्याचं हाड आणि ऑपरेशन म्हटलं की कुणालाही कळतं, हा दोन दिवसांचा मामला नाही, महिनाभराचा आहे. याउलट "आईची तब्येत बरी नाही" यात ताप आणि आयसीयू दोन्ही बसतात. रिपोर्ट किंवा एक्स-रेचा फोटो मी पाठवला नाही आणि कुणी पाठवू नये असं मला मनापासून वाटतं. बाबांच्या वेळी मॉनिटरला जोडलेल्या त्यांचा फोटो मी कुणालातरी पुरावा म्हणून पाठवला होता. त्यांनी त्याला परवानगी दिली नव्हती, द्यायच्या अवस्थेतच नव्हते. ते मला अजून लागतं.

तारखेच्या बाबतीत चूक करायचा मोह फार होतो. गाइडला बरं वाटावं म्हणून आपण लिहून जातो, "पुढच्या गुरुवारी नक्की येते." मग ऑपरेशन दोन दिवस लांबतं आणि आपण दुसऱ्यांदा बैठक मोडतो. पहिल्या वेळी सगळे समजून घेतात. दुसऱ्या वेळी बाहेरच्या सदस्यांना पुन्हा वेळ मागताना गाइडची अडचण होते, आणि बैठकीची तारीख जुळवणं हेच समितीचं सगळ्यात किचकट काम असतं. म्हणून मी बैठकीची तारीख दिली नाही, तारीख कधी कळवेन ती वेळ दिली. शनिवार संध्याकाळ हातातली होती, कारण तोवर ऑपरेशन होऊन भाऊही आलेला असणार होता. "याच सत्रात" लिहिण्याआधी मात्र फोनमध्येच विभागाची नोटीस उघडून पाहिली होती. सत्र संपायला पाच आठवडे होते. सत्राच्या आत बैठक पुढे जाणं हे गाइड आणि समितीचं आपसातलं काम असतं. सत्र ओलांडलं की आढावा चुकल्याची नोंद होते, आणि तेव्हा मेसेजवर भागत नाही, विभागाकडे रीतसर अर्ज लागतो.

मसुद्याचं वाक्य मी उपकार म्हणून टाकलं नव्हतं. ते होतं म्हणून मॅडमना समितीला सांगता आलं की काम तयार आहे, फक्त विद्यार्थिनी येऊ शकत नाही. मसुदा तयार नसता तर मी ते वाक्य लिहिलंच नसतं. घरच्या संकटाआड अपुरं काम लपवलं की पुढच्या बैठकीत ते उघडं पडतं, आणि मग संकटही खरं होतं का असा प्रश्न लोकांच्या मनात येतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच रात्री, आणि बुधवारी सकाळी तोच मजकूर मेलवर, विभागाच्या कार्यालयाला प्रत ठेवून. मेसेज वेळेत पोचतो म्हणून तो आधी. पण सहा महिन्यांनी कुणी विचारलं, "ऑक्टोबरची बैठक का झाली नाही?" तर फाइलला लावायला कागद लागतो, आणि तो मेलचाच होतो. मेलच्या विषयात मी लिहिलं, "गुरुवारची आरएसी बैठक पुढे ढकलण्याबाबत विनंती", खाली माझं नाव आणि नोंदणी क्रमांक. कार्यालयातल्या माणसाला माझं तिसरं प्रकरण माहीत नसतं, क्रमांकावरून फाइल सापडते.

मॅडमचं उत्तर वीस मिनिटांत आलं. "आईजवळ थांब. सदस्यांना मी कळवते. मसुदा सावकाश पाठव, शनिवारी बोलू." मला तिथे बाकावर रडू आलं. दिवसभरात तेवढी एकच गोष्ट सुटली होती.

ऑपरेशन गुरुवारी दुपारी झालं. शनिवारी संध्याकाळी मी दोन ओळी लिहिल्या: ऑपरेशन नीट झालं, सोमवारी घरी सोडतील, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवार किंवा शुक्रवार, ११ नंतर मला चालेल. दोन वार दिले, कारण फिजिओथेरपिस्ट उरलेल्या दिवशी येणार होते. शुक्रवार ठरला. बाहेरच्या सदस्यांनी मसुदा आधीच वाचला होता, त्यामुळे बोलणं थेट बायकांच्या उधारीच्या हिशोबावर गेलं, ४२ जणींच्या निवडीवर कुणी अडलं नाही.

एका गोष्टीवर मात्र माझं मत अजून वेगळं आहे. नंतर कार्यालयातून सांगितलं गेलं की डिस्चार्ज समरीची संपूर्ण प्रत जोडा. मी पहिलं पान दिलं, नाव आणि तारखा असलेलं, आणि तेही बंद पाकिटात कार्यालयाच्या फाइलसाठी, समितीच्या कागदांसोबत नाही. बाकीच्या पानांवर आईची सगळी औषधं, तिचे जुने आजार लिहिलेले आहेत. तिची लेक पीएचडी करते म्हणून ते विभागात कुणी वाचावेत, हे मला पटत नाही. कार्यालयाने ते एक पान ठेवून घेतलं.