मोकळीक आणि स्वायत्तता: एका संदेशाला उत्तर

«स्वायत्तता, सक्षमता, आपलेपणा हे अमेरिकेतले लाड आहेत. आपल्याकडे मोकळीक दिली की पोरं अभ्यास सोडतात आणि कारकून टेबल सोडतात. इथं धाक आणि बक्षीस, दोनच गोष्टी चालतात.»

हा आलेला संदेश. स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा या तीन गरजा भागल्या की माणूस मनापासून काम करतो, असे स्व-निर्धारण सिद्धांत सांगतो. तो मांडणारे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन अमेरिकेतले आहेत, एवढे मान्य. पण दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान आणि अमेरिका या चार देशांतील विद्यार्थ्यांवरचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण वागतो ते मनाला पटून वागतो असे ज्यांना वाटत होते, त्यांचे मनःस्वास्थ्य चारही ठिकाणी अधिक चांगले आढळले.

खरा घोळ ‘मोकळीक’ या शब्दात आहे. या सिद्धांतात स्वायत्तता म्हणजे कोणाचेही न ऐकणे नव्हे. वडिलांचे सांगणे पटले म्हणून ऐकणारा मुलगाही स्वायत्तच असतो. १९९४ च्या एका प्रयोगात लोकांना संगणकाच्या पडद्यावर ठिपका दिसला की कळ दाबण्याचे अगदी कंटाळवाणे काम दिले होते. कामाचे कारण सांगणे, ते कंटाळवाणे आहे हे कबूल करणे आणि हुकमाची भाषा टाळणे, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी जिथे होत्या, तिथे लोकांनी ते काम अधिक आपलेसे केले. अतिवृष्टीच्या अनुदानाच्या याद्या भरणाऱ्या आमच्या तालुक्यातल्या कारकुनाला «आजच्या आज पाहिजे» म्हणणारा साहेब आणि «खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला की शेतकऱ्याचे पैसे परत जातात, काम किचकट आहे, कोणते गाव आधी घ्यायचे ते तुम्ही ठरवा» म्हणणारा साहेब, दोघेही मुदत तीच देतात. टेबल दोघांच्याही हाताखाली सोडता येत नाही.

बक्षिसाने काम होते, हे खरेच आहे, विशेषतः मुळात रस नसलेले काम. प्रश्न पैसे थांबल्यावरचा आहे. १९७१ मध्ये डेसी यांनी २४ विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली आणि त्यांपैकी निम्म्यांना मधल्या सत्रात प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला. पुढच्या सत्रात पैसे बंद होताच त्यांचे मोकळ्या वेळेत कोड्यांशी खेळणे कमी झाले. उलट, काम नेमके कुठे जमले हे सांगणाऱ्या शब्दांनी गोडी टिकते, असे पुढच्या अनेक प्रयोगांत दिसले.

धाकाचे म्हणाल तर माझा भाचा लातूरला नीटची तयारी करत होता. दर आठवड्याच्या चाचणीनंतर वर्गाबाहेर क्रमवारी लागायची आणि तो तळाला असला की जेवणाच्या डब्याला हात लावत नसे. अभ्यास चालू होता, पण नाव खाली दिसू नये एवढ्यासाठीच. पुढे एका सरांनी भौतिकशास्त्राच्या चुकांचे तीन ढीग करायला शिकवले: सूत्रच येत नाही, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही. मधला ढीग सर्वांत मोठा निघाला. त्याच आठवड्यात त्याने खोलीतल्या मित्राला सोबत घेऊन रोज अर्धा तास नुसती आकडेमोड सुरू केली, आणि ते त्याला कोणी सांगितले नव्हते.