कंपनी रजिस्टर्ड आहे, पण कुठल्या कामासाठी?

पैसे गुंतवायच्या आधी लोक एकच प्रश्न विचारतात, "कंपनी रजिस्टर्ड आहे ना?" एजंट लगेच फाइल उघडतो. त्यात कंपनी स्थापनेचा दाखला, पॅन, जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी आणि एखादं आयएसओ सर्टिफिकेट असतं. सगळं खरं असतं आणि समोरच्याचं समाधान होतं. मी कंपनी सेक्रेटरी आहे, ही कागदपत्रं रोज तयार करते. म्हणून ठामपणे सांगते की त्या फाइलमधला एकही कागद लोकांकडून पैसे गोळा करण्याची परवानगी देत नाही. कंपनी निबंधकांचा दाखला म्हणजे कंपनीचा जन्मदाखला. ती पुढे काय करते आणि त्यावर कोण लक्ष ठेवतं, हे त्यात लिहिलेलं नसतं.

त्या दाखल्यावर सीआयएन नावाचा एकवीस अक्षरांचा क्रमांक असतो. पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगतं, आणि त्यानंतरचे पाच आकडे तिचा व्यवसाय कुठल्या प्रकारचा ते सांगतात. एजंट कधीकधी हे आकडे दाखवून म्हणतात, "बघा, शेतीची कंपनी आहे, आरबीआय-सेबीचा संबंधच नाही." हे आकडे कंपनीने स्थापनेच्या वेळी आपण काय करणार म्हणून सांगितलं त्यावरून पडतात. आज ती प्रत्यक्षात काय करते आहे, त्यावरून नव्हे. आणि नियामक कोण, म्हणजे देखरेख सेबीची की आरबीआयची की आणखी कुणाची, हे ठरतं ते प्रत्यक्ष कामावरून. माझ्या मते सगळी फसवणूक याच फटीतून आत शिरते.

पर्ल्स समूहाच्या पीएसीएल या कंपनीचं प्रकरण बघा. पर्ल्स म्हटलं की आपल्याकडच्या अनेक घरांत आजही कपाटातले बाँड आठवतात. कंपनी म्हणायची, आम्ही शेतजमीन विकतो आणि विकसित करून देतो. ग्राहक एकरकमी किंवा हप्त्याने पैसे भरायचा. करारात अमुक इतक्या चौरस यार्ड जमिनीचा उल्लेख असायचा आणि मुदतीअखेर तिची 'अपेक्षित किंमत' किती होईल तेही लिहिलेलं असायचं. पण पैसे भरताना जमीन नेमकी कुठली, कुठल्या गावातली, हे त्याला माहीत नसायचं. जमीन कंपनीच निवडणार, कंपनीच कसणार आणि शेवटी कंपनीच विकून पैसे देणार.

आता हा जमिनीचा व्यवहार, की गुंतवणूक योजना? जमिनीची खरेदी-विक्री असेल तर सेबीचा काही संबंध नाही, ते खरेदीखत आणि दुय्यम निबंधकाचं काम. गुंतवणूक योजना असेल तर सेबीच्या परवानगीशिवाय एक रुपयासुद्धा घेता येत नाही. सेबी कायद्याच्या कलम ११ एए मध्ये यासाठी चार कसोट्या दिल्या आहेत. लोकांचे पैसे एकत्र करून योजनेसाठी वापरले जातात का? लोक ते नफा, उत्पन्न, उत्पादन किंवा मालमत्ता मिळेल या आशेने देतात का? त्यातून उभी राहिलेली मालमत्ता गुंतवणूकदारांच्या वतीने दुसरं कुणी सांभाळतं का? आणि रोजच्या कारभारात गुंतवणूकदाराच्या हातात काहीच नसतं का? चारही उत्तरं 'हो' आली की ती सामूहिक गुंतवणूक योजना. करारावर 'जमीन विक्री' लिहिलेलं असो की 'साग लागवड'.

पीएसीएलला या कसोट्या लावायला दहा मिनिटं पुरतात. प्रत्यक्षात किती वर्षं गेली ते पाहा. सेबीने 1999 मध्ये कंपनीला पत्र पाठवलं. कंपनी न्यायालयात गेली. 2003 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने हा जमिनीचाच व्यवहार आहे असं म्हणत कंपनीच्या बाजूने निकाल दिला. सेबी सर्वोच्च न्यायालयात गेली. 25 फेब्रुवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि सेबीला चौकशी करून ठरवायला सांगितलं. 22 ऑगस्ट 2014 रोजी सेबीचा आदेश आला: ही सामूहिक गुंतवणूक योजनाच आहे, पैसे परत करा. तोवर गोळा झालेली रक्कम होती 49,100 कोटी रुपये आणि ग्राहक जवळपास पाच कोटी पंच्याऐंशी लाख. 2016 मध्ये न्यायमूर्ती लोढा समिती नेमली गेली आणि छोट्या रकमांपासून टप्प्याटप्प्याने परतावा सुरू झाला.

'नियामक कोण' हा एकच प्रश्न पंधरा वर्षं कोर्टात लोंबकळत राहिला आणि त्या पंधरा वर्षांत हप्ते भरणाऱ्यांची रांग वाढतच गेली. याचा मला मनापासून राग येतो. पैसे भरणाऱ्यांत शेतमजूर होते, घरकाम करणाऱ्या बायका होत्या. कलम ११ एए त्यांनी वाचावं ही अपेक्षाच चुकीची आहे. पण हे चार प्रश्न त्यांना त्यांच्या भाषेत कुणीतरी सांगायला हवे होते.

आता आजचं उदाहरण घेऊ. समजा तुमच्याकडे कुणी शेळीपालनाची योजना घेऊन आलं. एक लाख रुपये द्या, तुमच्या नावाने दहा शेळ्या आमच्या फार्मवर ठेवतो, चारापाणी आमचं, औषधपाणी आमचं, विक्री आमची. तीन वर्षांनी नफ्यासकट पैसे परत. शेळ्यांच्या कानात तुमच्या नावाचा बिल्ला असेल, फोटोही येतील. तरी चार प्रश्न विचारा. पैसे एकत्र झाले, नफ्यासाठी दिले, शेळ्या ते सांभाळतात, तुमचं तिथे काही चालत नाही. म्हणजे सेबी. अशा योजनेसाठी सेबीची नोंदणी लागते आणि ती घेतलेल्या योजना देशात जवळजवळ नाहीतच. तेव्हा समोरच्याकडे ती असण्याची शक्यता किती, हे तुम्हीच ठरवा. "आमची कंपनी नाही, एलएलपी म्हणजे भागीदारी संस्था आहे" ही पळवाट सेबी कायद्याच्या 2014 च्या दुरुस्तीनंतर उरलेली नाही. आणि शंभर कोटींची किंवा त्याहून मोठी विनापरवाना योजना तर कसोट्यांत बसली नाही तरी सामूहिक गुंतवणूक योजनाच धरली जाते.

एकच गोष्ट बदलून बघा. दहा शेळ्या विकत घेऊन तुम्ही स्वतःच्या गोठ्यात नेल्या, चारा तुम्ही घातला, विकायच्या कधी ते तुम्ही ठरवलं, तर ती साधी खरेदी. सेबी नाही, कुणीच नाही. तोट्यात गेलात तर तो तुमचा धंद्यातला तोटा.

आता दुसरी गोष्ट बदला. कंपनी म्हणते, शेळ्या जगोत की मरोत, तुम्हाला दरमहा तीन हजार ठरलेले आणि मुदतीला मुद्दल परत. इथे शेळी नुसती नावाला राहिली. माझ्या मते ही ठेव आहे, आणि कंपनीने जनतेकडून ठेव घ्यायची तर कंपनी कायद्याचं कलम ७३ आणि ठेवींचे नियम लागतात, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालय. "मग आरबीआय कधी?" हे पुष्कळ जण विचारतात. कंपनीचा मुख्य धंदाच पैशाचा असेल तेव्हा. त्याची कसोटी ताळेबंदात दिसते: एकूण मालमत्तेपैकी निम्म्याहून जास्त कर्जं, शेअर अशी वित्तीय मालमत्ता असावी आणि एकूण उत्पन्नापैकीही निम्म्याहून जास्त त्यातून यावं. दोन्ही हवं. दहा कोटींच्या मालमत्तेत सहा कोटी कर्जं वाटलेली आहेत, पण उत्पन्नाचा मोठा भाग मालविक्रीतून येतो, तर ती एनबीएफसी, म्हणजे आरबीआयच्या देखरेखीखालची बिगर-बँक वित्त कंपनी, ठरत नाही. आणि एनबीएफसी असली तरी ठेवी घ्यायची परवानगी वेगळी असते. बहुतेक एनबीएफसींना ती नसते. आरबीआयचा दाखला भिंतीवर लावून ठेवी गोळा करणारे म्हणून जास्त धोकादायक, कारण दाखला खराच असतो.

ठेवींच्या याच नियमांतून तुम्हाला नेहमीच्या बाजारातली एक गोष्ट उलगडेल. सराफाच्या मासिक योजना बहुतेक अकरा महिन्यांच्याच का असतात? मालासाठी घेतलेला आगाऊ पैसा कंपनीने 365 दिवसांच्या आत मालात वळता केला नाही, तर नियमानुसार तो ठेव धरला जातो. अकरा महिने भरा, बाराव्यात दागिना घ्या, म्हणजे ती खरेदीच राहते. म्हणून एखादी पेढी अठरा महिन्यांची योजना देऊन वर रोख परताव्याचं आमिष दाखवत असेल, तर ती सोनं विकत नाही, ठेवी गोळा करते आहे असं समजा.

भिशीचं म्हणाल तर नोंदणीकृत चिट फंडावर राज्याच्या चिट निबंधकांची देखरेख. पतसंस्था सहकार खात्याकडे, एकाहून जास्त राज्यांत काम करणारी मल्टिस्टेट दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे. या दोन्हींवर आरबीआयची देखरेख नाही आणि त्यांच्या ठेवींना बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षणही नाही. मराठवाड्यात मल्टिस्टेट बुडल्यावर लोक राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत जाऊन भांडत होते, कारण पाटी, काउंटर, पासबुक सगळं बँकेसारखंच होतं.

2019 पासून एक मोठा बदल झाला आहे आणि तो पुरेसा कुणी सांगत नाही. अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याला एक यादी जोडलेली आहे. कुठल्या नियामकाखाली कुठल्या ठेव योजना चालतात, ते तिच्यात दिलं आहे. त्या यादीत न बसणारी ठेव योजना चालवणं हाच गुन्हा. म्हणजे आता 'हा आमच्या अखत्यारीत येत नाही' असं प्रत्येकाने म्हटलं तरी योजना सुटत नाही. उलट कुणाच्याच अखत्यारीत नाही म्हणूनच ती बेकायदा. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा एमपीआयडी कायदाही आहे आणि आर्थिक गुन्हे शाखा या दोन्हींखाली गुन्हा नोंदवू शकते.

तरीही तक्रारदाराला आजही फिरवतात. पोलीस म्हणतात सेबीकडे जा, सेबीकडून उत्तर येतं की हे आमचं नाही, आणि मधे एजंट गाव सोडतो. माझं म्हणणं असं आहे की नियामक कोण ते शोधण्याचं ओझं तक्रारदाराच्या डोक्यावर असताच कामा नये. तक्रार घेणाऱ्या पहिल्या कार्यालयाने ती घ्यावी, नोंदवावी आणि योग्य ठिकाणी स्वतः पाठवावी. आरबीआयचं sachet.rbi.org.in हे संकेतस्थळ नेमकं हेच करतं, तिथे केलेली तक्रार संबंधित नियामकाकडे जाते. पण तालुक्याच्या पोलीस ठाण्यात त्याचं नाव माहीत असलेला माणूस सापडणं कठीण. राज्यस्तरावर आरबीआय, सेबी, पोलीस आणि सरकारी खाती एकत्र बसतात अशी समन्वय समितीही आहे. तिच्यासारखी बैठक जिल्ह्यात दर महिन्याला व्हावी आणि त्यात कुठल्या नव्या योजना गावात आल्या यावर बोलणं व्हावं.

तोवर कुणी फाइल उघडून दाखले दाखवले, तर एवढंच विचारा: माझे पैसे घेऊन तुम्ही नेमकं काय करणार, ते कोण सांभाळणार, आणि हे काम करायची परवानगी कुणाची आहे, तिचा नंबर द्या. नंबर मिळाला तर त्या नियामकाच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः तपासा, एजंटने पाठवलेल्या लिंकवरून नाही. कुणाकडे सध्या अशी योजना आली असेल तर तिचं माहितीपत्रक कमेंटमध्ये टाका, कंपनीचं नाव झाकलंत तरी चालेल. चार प्रश्न लावून बघू.