कढईचे फोटो कोणत्या क्रमाने लावावेत

आपल्या खान्देशातले बरेच जण आता लोखंडी कढया, तवे ऑनलाइन विकायला लागलेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. गिऱ्हाईकाला फोटोतून दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: कढई घरच्यांना पुरेल एवढी आहे का, आणि पत्रा जाड आहे की पातळ. फोटोंचा क्रम यावरूनच ठरवावा, फोटो किती देखणा आहे यावरून नाही.

पहिला फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा, कारण बऱ्याच साइट्सचा तसा नियम असतो. पण त्यात 18 सेंमीची आणि 30 सेंमीची कढई सारखीच दिसते. म्हणून त्याच्या लगेच मागे मोजपट्टीचा फोटो हवा. पट्टी कढईच्या तोंडावर, दोन्ही काठांवर टेकवून ठेवायची आणि फोटो बरोबर वरून काढायचा.

शेजारी ओट्यावर दहाचं नाणं ठेवलेले फोटो मी पाहतो. नाणं 27 मिमीचं, सगळ्यांच्या ओळखीचं, पण इथे ते फसवतं. समजा कढई 24 सेंमीची आहे आणि काठ ओट्यापासून 8 सेंमी उंच आहे. मोबाइल ओट्यापासून 40 सेंमीवर धरला तर नाणं 40 सेंमी लांब राहतं आणि काठ फक्त 32. जवळचा काठ सव्वापट मोठा दिसतो, आणि नाण्यावरून हिशेब केला तर कढई 30 सेंमीची भरते. विकणाऱ्याने लबाडी केलेली नसते, तरी कढई परत येते. हाच फोटो दोन मीटर उंचीवरून झूम करून काढला तर फरक जेमतेम एका सेंमीवर येतो.

तिसऱ्या जागी मी वजनकाट्यावरची कढई ठेवेन, आकडा स्वच्छ वाचता येईल अशी. पुष्कळ जण तिथे काठाचा क्लोजअप लावतात. पण काठ दुमडलेला असला की पातळ पत्राही जाड दिसतो. वजन तसं फसवत नाही. 24 सेंमी रुंद, 8 सेंमी खोल कढई दोन मिमी पत्र्याची असेल तर कान सोडून साधारण एक किलो भरते, तीन मिमीची दीड किलोच्या आसपास. काठाचा फोटो वजनाच्या मागे लावा, म्हणजे दोन्ही ताडून बघता येतील. त्याच फोटोत कानांचे रिव्हेट आतून दिसले तर फारच चांगलं, कारण ढिले कान तिथेच कळतात.

भरीत भरलेली कढई, वर कांद्याची पात आणि मिरच्या, हा फोटो सगळ्यांना आवडतो आणि सगळ्यात पुढे येतो. माझ्या क्रमात तो शेवटी. आतला पत्रा त्यात झाकला जातो, खोली कळत नाही. लावायचाच असेल तर किती किलो वांग्यांचं भरीत आहे ते फोटोवर लिहा. आपल्याकडची बाई तेवढ्यावरून कढई ओळखते.