एका रिमोटचं गाजर

रात्री पावणेतीनला हॉलमधला टीव्ही आपोआप सुरू झाला. खणखणीत आवाजात! आई दचकून उठली, तिला वाटलं घरात कुणीतरी शिरलंय. आधीच बीपीचा त्रास तिला. आठवड्यात तिसऱ्यांदा झालं हे. डोकं फिरलंय माझं.

हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच केला होता. टीव्हीचा एक, सेट-टॉप बॉक्सचा एक, साउंडबारचा एक, असे तीन रिमोट तिला झेपत नाहीत. दुकानदार म्हणाला, "सगळ्यांत सीईसी आहे, म्हणजे एचडीएमआय केबलमधून ही यंत्रं एकमेकांना आज्ञा देतात, एकच रिमोट पुरे." घरी येऊन सेटिंगमध्ये सीईसी शोधतोय, तर ते नावच नाही! कुणी त्याला Anynet+ म्हणतं, कुणी SIMPLINK, कुणी EasyLink. गोष्ट एकच, मग सरळ नाव लिहायला काय धाड भरते?

शेवटी सापडलं, चालू केलं. साउंडबार ARC लिहिलेल्या पोर्टला लावला, टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त व्हायला लागला. पण बॉक्सचं चॅनल काही त्या रिमोटने बदलेना. केबल बदलली, पोर्ट बदलला, ढिम्म!

चूक केबलची नव्हतीच. एचडीएमआयमध्ये या आज्ञांसाठी 13 नंबरच्या पिनवर एक तार असते, ती जोडलेल्या सगळ्यांना सामाईक. पण त्या तारेवरून आलेल्या कुठल्या आज्ञा पाळायच्या, हे बनवणाऱ्याच्या मर्जीवर. आमचा बॉक्स तारेवर बोलतो, पण चॅनलची आज्ञा ऐकत नाही. आणि खोक्यावर नुसतं "सीईसी सपोर्ट"! काय चालतं, काय नाही, एक ओळ छापायला जीव जातो का यांचा?

रात्रीचा प्रकारही त्यातलाच. बॉक्स रात्री स्वतःला अपडेट करून पुन्हा सुरू होतो, "मी चालू झालो, माझं चित्र दाखवा" असं तारेवर सांगतो आणि टीव्ही जागा होतो. कस्टमर केअरवाला म्हणे टीव्ही रिसेट करा. केला, सगळी चॅनलं पुन्हा लावत बसलो, उपयोग शून्य. मग एका रात्री बॉक्सची एचडीएमआय केबल काढून ठेवली, टीव्ही गप्प. दुसऱ्या रात्री लावली, पुन्हा सुरू! म्हणजे गुन्हेगार बॉक्सच.

सीईसी पूर्ण बंद केलं तर साउंडबारचा आवाज हातातून जातो. म्हणून टीव्हीच्या त्याच मेनूत खोल शिरलो. तिथे "टीव्ही आपोआप चालू" असं वेगळं बटण निघालं. तेवढंच बंद केलं. साउंडबार व्यवस्थित चालतोय आणि गेले चार दिवस रात्री शांतता आहे. एवढ्यासाठी पंधरा दिवस घालवले मी!

आणि चॅनल बदलायला बॉक्सचा रिमोट लागतोच. त्याला लाल चिकटपट्टी लावून दिलीय आईला. काल विचारत होती, "अरे, एकच रिमोट होणार होता ना?" काय सांगू तिला?