BF₃ मध्ये हायड्रोजन नाही, तरी ते आम्ल का

"BF₃ ला आम्ल म्हणणं ही पुस्तकवाल्यांची शब्दांची कसरत आहे. त्यात हायड्रोजनच नाही, मग ते देणार काय? शिवाय अमोनियाने त्याला इलेक्ट्रॉन दिले असतील तर ती सरळ रेडॉक्स अभिक्रिया झाली. तरीही आम्ल म्हणायचंच असेल तर फ्लोरीन सगळ्यांत विद्युतऋण, म्हणून बोरॉनच्या हॅलाइडांत BF₃ सर्वांत जोरदार, एवढं तरी सरळ सांगा."

कसरतीचा आरोप प्रयोगाने तपासता येतो, म्हणून आधी तोच घेतो. रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी इलेक्ट्रॉन-जोडीची व्याख्या, म्हणजे जोडी घेतं ते आम्ल आणि देते ती आम्लारी, १९२३ मध्ये मांडली आणि १९३८ मध्ये तिच्या बाजूने साधे, डोळ्यांना दिसणारे पुरावे दिले. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा दर्शक पाणी नसलेल्या द्रावकात घ्या. त्यात HCl टाकलं की तो पिवळा होतो. HCl ऐवजी BF₃ चा सख्खा भाऊ BCl₃ टाकला, तरी पिवळाच होतो. आता त्यात ट्रायएथिलअमीनसारखी आम्लारी घाला, रंग पुन्हा जांभळा. दर्शकाला हायड्रोजन दिसत नाही. आपल्या इलेक्ट्रॉन-जोडीवर कोणीतरी हात टाकला, एवढंच त्याला कळतं. एका आम्लाची जागा दुसऱ्याने घेता येते आणि आम्लारीने रंग परत फिरवता येतो, तर दोघांना एकाच नावाखाली ठेवण्यात कसरत कसली?

"मग ते देणार काय?" हा प्रश्न दिशेलाच चुकला आहे. लुईसच्या हिशेबात आम्ल काही देत नाही, घेतं. अमोनिया आणि HCl चा वायू समोरासमोर आले की NH₄Cl चा पांढरा धूर उठतो. तिथे नेमकं काय घडतं? नायट्रोजनच्या पाच संयुजा इलेक्ट्रॉनांपैकी तीन हायड्रोजनांशी बंध करण्यात गुंतले आहेत आणि उरलेले दोन एकाकी जोडी म्हणून रेणूच्या टोकाला बसले आहेत. HCl मधला प्रोटॉन क्लोरीनकडचे इलेक्ट्रॉन सोडून येतो. त्याच्याजवळ एकही इलेक्ट्रॉन नाही, म्हणजे जोडीला जागा आहे. म्हणून ती जोडी त्याच्यावर जाते आणि NH₄⁺ तयार होतो.

आता प्रोटॉनच्या जागी बोरॉन ठेवा. बोरॉनचे तीन संयुजा इलेक्ट्रॉन, तीन फ्लोरीनांशी तीन बंध, म्हणजे भोवती सहाच इलेक्ट्रॉन. रेणू सपाट, तिन्ही कोन १२० अंशांचे, आणि त्या प्रतलाच्या वरखाली एक रिकामं p ऑर्बिटल. नायट्रोजनची जोडी तिथे शिरते, N–B बंध होतो आणि H₃N·BF₃ हा पांढरा घनपदार्थ मिळतो. जोडी येताच तीन फ्लोरीन मागे झुकतात, सपाट रेणू छत्री उलटावी तसा वाकतो आणि बोरॉनभोवती चतुष्फलक तयार होतो. प्रोटॉनने जे केलं तेच बोरॉनने केलं. जोडीसाठी जागा दोघांकडेही होती. गंमत म्हणजे हा पांढरा पदार्थ गे-ल्युसॅक यांनी १८०९ मध्येच बनवला होता, इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी.

हे स्वतः करून बघणाऱ्यांना एक सावधगिरी: नुसतं पांढरं दिसलं म्हणजे हेच झालं असं समजू नका. भांड्यात किंवा हवेत ओल असली तर BF₃ अमोनियाशिवायही पांढरा धूर सोडतो, कारण पाण्याच्या ऑक्सिजनवरही जोड्या आहेत आणि त्या अमोनियाच्या आधी रांगेत लागतात. BF₃ विषारी आणि दाहक आहे, तेव्हा हे काम कोरड्या उपकरणात आणि धूर ओढणाऱ्या कपाटातच करायचं. बाटलीतून येणारं BF₃ बहुधा ईथरशी जोडलेलं असतं. त्यात अमोनिया सोडला की ईथर बाहेर पडतो आणि अमोनिया त्याची जागा घेतो. बोरॉनवरची जागा एकच. ज्याची जोडी जास्त जोरात बांधली जाते, तो दाता ती पटकावतो. आम्लारींमधली ही चढाओढ व्याख्येशी चोख जुळते.

आता रेडॉक्स. गल्लत "दिले" या शब्दात आहे. अमोनिया जोडी सोडून देत नाही, वाटून घेतो. हिशेब मांडून बघा. ऑक्सिडेशन अंक काढताना बंधातले इलेक्ट्रॉन जास्त विद्युतऋण अणूच्या खात्यावर घालतात. पॉलिंगच्या मापात नायट्रोजन साधारण ३.०, बोरॉन साधारण २.०. म्हणून N–B बंधाचे दोन्ही इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्याच खात्यावर राहतात. आधी नायट्रोजन −३ होता, नंतरही −३. बोरॉन +३ होता, नंतरही +३. एकही अंक हलला नाही, मग रेडॉक्स कुठे?

घोळ होतो तो औपचारिक प्रभारामुळे. तिथे प्रत्येक बंधाचे इलेक्ट्रॉन निम्मे-निम्मे वाटतात. नायट्रोजनच्या वाट्याला चार बंधांतून चार, स्वतःचे होते पाच, म्हणून +१. बोरॉनच्या वाट्याला चार, स्वतःचे तीन, म्हणून −१. पुस्तकात H₃N⁺–B⁻F₃ असं छापलेलं दिसलं की वाटतं, एक इलेक्ट्रॉन इकडून तिकडे गेला. गेला नाही, हा फक्त वाटणीचा नियम आहे. जोडीचा खरा कल अजूनही नायट्रोजनकडेच आहे. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, पण रेडॉक्स ठरवायचं ते पहिल्यावरून.

राहिला जोराचा मुद्दा, आणि दाव्यातला तर्क वरवर पाहता बिनतोड आहे. फ्लोरीन इलेक्ट्रॉन ओढतो, बोरॉन जास्त उपाशी, म्हणून जास्त जोरदार. प्रत्यक्षात पिरिडीनसारख्या नायट्रोजनी आम्लारींशी जोडताना बाहेर पडणारी उष्णता मोजली, तर क्रम उलटा निघतो: BBr₃ सर्वांत पुढे, मग BCl₃, आणि BF₃ मागे. नेहमी सांगितलं जाणारं कारण असं की फ्लोरीन एका हाताने ओढतो आणि दुसऱ्या हाताने परत देतो. त्याच्या स्वतःच्या भरलेल्या जोड्या आकाराने बोरॉनच्या रिकाम्या p ऑर्बिटलशी नीट जुळतात आणि ती जागा अर्धीमुर्धी भरून टाकतात. म्हणून BF₃ मध्ये B–F अंतर जेमतेम १.३१ अँगस्ट्रॉम असतं आणि अमोनिया जोडल्यावर तोच बंध लांबतो. सपाटपणा मोडायचा तर ही सोय आधी सोडावी लागते आणि त्याची किंमत BF₃ ला मोठी पडते. एवढंच कारण पुरेसं आहे का, यावर सैद्धांतिक रसायनवाल्यांत वाद आहे. क्रमाबद्दल मात्र नाही. तोही नायट्रोजनी आम्लारींपुरता, प्रत्येक दात्याशी तसाच राहील असं धरू नका.

आणि हा क्रम खुद्द अमोनियावर तपासायला जाऊ नका. BF₃ अमोनियाशी जोडून थांबतो. BCl₃ थांबत नाही: अमोनियाचे हायड्रोजन आणि त्याचे क्लोरीन HCl म्हणून निघू लागतात, तो HCl उरलेल्या अमोनियाशी जुळून NH₄Cl होतो, आणि मोजलेल्या उष्णतेतली N–B बंधाची किती आणि या बाकीच्या उलाढालीची किती, हे वेगळं काढता येत नाही. पिरिडीनच्या नायट्रोजनवर हायड्रोजनच नाही, म्हणून तुलनेला तो बरा.