आकडे छापलेत ना, मग बार कसाही काढा?

“बार चार्टचा अक्ष शून्यापासून नाही म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी आकडे वाचायला शिकावं. बारवर आकडा छापलेला असतो, मग फसवणूक झाली कुठे? शून्यापासून काढलं तर छोटे फरक दिसतच नाहीत. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या स्क्रीनशॉटवरून तुम्ही काय डोंबल मोजणार?”

कापलेल्या बार चार्टच्या बाजूने हे तीन मुद्दे मांडले जातात. छापलेल्या आकड्यापासूनच सुरू करतो, कारण त्यासाठी एक अस्सल नमुना हाताशी आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत फॉक्सच्या वाहिनीवर एक बार चार्ट दाखवला गेला. बुश यांच्या काळातली करसवलत संपली तर सर्वांत वरच्या टप्प्याचा प्राप्तिकर किती होईल, हा विषय. बार दोनच: ‘आत्ता’ ३५ टक्के आणि ‘१ जानेवारी २०१३’ ३९.६ टक्के. दोन्ही आकडे बरोबर होते आणि ठळक छापलेलेही होते. फक्त बाजूच्या अक्षावर तळाला ३४ होतं आणि माथ्यावर ४२.

आता हा चार्ट मोजू. समजा तुमच्याकडच्या चित्रात ३४ ची रेघ आणि ४२ ची रेघ यांच्यात ३२० पिक्सेल अंतर आहे. म्हणजे एका टक्क्याला ४० पिक्सेल. ३५ चा बार ३४ च्या रेघेपासून एकच टक्का वर जातो, त्याची उंची ४० पिक्सेल. ३९.६ चा बार ५.६ टक्के वर जातो, म्हणजे २२४ पिक्सेल. डोळ्यांना दुसरा बार पहिल्याच्या साडेपाचपट दिसतो. तोच चार्ट त्याच ३२० पिक्सेलात ० ते ४२ असा काढला असता, तर बार अनुक्रमे २६७ आणि ३०२ पिक्सेलांचे आले असते. वाढ आहे, आणि ती दिसतेही. पण ती साडेपाचपट नाही, सुमारे १३ टक्के आहे.

अमेरिकन अभ्यासक एडवर्ड टफ्टे यांनी अशा चित्रांसाठी एक सोपं माप सांगितलं आहे: चित्रात दिसणारी वाढ भागिले आकड्यांतली खरी वाढ. प्रामाणिक चित्रात उत्तर १ च्या आसपास येतं. इथे चित्रात वाढ ४६० टक्के, आकड्यांत १३.१ टक्के. उत्तर येतं ३५. (जाता जाता: तो ३९.६ टक्के दर २०१३ मध्ये खरंच लागू झाला, पण एकट्या व्यक्तीसाठी ४ लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर. चार्ट बघून किती पगारदारांना वाटलं असेल की आता आपलं काही खरं नाही!)

“पण वाचणारा आकडा वाचतो ना?” वाचतो, आणि तरी फसतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कापलेल्या बार चार्टचा परिणाम तपासला होता. खालून कापलेल्या बार चार्टमधला फरक लोकांना जास्त मोठा वाटला. अशा चार्टबद्दल आधीच सावध केल्यावर परिणाम कमी झाला, पण गेला नाही. लांबीची तुलना डोळा आपोआप करून टाकतो. आकडा त्यानंतर वाचला जातो, तोही वाचला तर.

छोट्या फरकांच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवं. ताप आलेल्या माणसाचा तक्ता शून्य अंशापासून काढला तर तो कुणाच्या कामाचा नाही. पण तो तक्ता बिंदू आणि रेषेने काढतात. तिथे आपण रेषेचा चढउतार वाचतो, तळापासूनची लांबी वाचत नाही, म्हणून अक्ष ९६ पासून सुरू झाला तरी चालतं. बारमध्ये लांबी हीच किंमत असते. तळ कापला की किमतीचाच तुकडा पडतो. छोटा फरक दाखवायचा असेल तर बिंदू काढा, रेषा काढा, नाहीतर सरळ फरकाचाच बार काढा आणि वर ‘वाढ, टक्के’ असं लिहा. यावर कुणी दहावीतल्या आयतालेखाची आठवण करून देईल, की तिथे अक्षावर अक्षसंकोचाची वाकडी खूण काढायला शिकवतात. शिकवतात, पण ती आडव्या अक्षावर, कारण वर्ग २० किंवा ५० पासून सुरू होतात. उभ्या अक्षावर वारंवारता शून्यापासूनच मोजतात.

शिवाय छोटा फरक मोठा करून दाखवण्याआधी तो फरक आहे का, हे बघायला नको का? टेरी शायव्हो ही अमेरिकेतली वर्षानुवर्षं बेशुद्ध असलेली बाई. तिची अन्न देणारी नळी काढण्याच्या न्यायालयाच्या निर्णयावर २००५ मध्ये सीएनएनने पक्षनिहाय जनमताचा बार चार्ट दिला. निर्णयाशी सहमत असलेले डेमोक्रॅट ६२ टक्के, रिपब्लिकन ५४, अपक्ष ५४. अक्ष ५३ पासून. त्यामुळे एका पक्षाचा बार इतरांच्या नऊपट उंच दिसत होता. खरा फरक ८ टक्क्यांचा, आणि त्याच चाचणीत त्रुटीची मर्यादा अधिक-उणे ७ टक्के. तो चार्ट नंतर बदलावा लागला.

प्रत्येक कापलेल्या चार्टमागे बदमाशीच असते, असंही समजू नका. एक्सेल स्वतःहून तळ कापतं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान किमतीतला फरक मोठ्या किमतीच्या साधारण एक षष्ठांशाहून कमी असेल, तर त्याचा आपोआप ठरणारा अक्ष शून्य सोडून वर चढतो. ३५ आणि ३९.६ टाइप करून बघा: फरक ४.६, म्हणजे ३९.६ च्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. अक्ष शून्यापासून येणार नाही. ऑफिसातल्या निम्म्या सादरीकरणांत हेच होत असावं आणि कुणाच्या लक्षातही येत नसावं. अक्षावर डबल क्लिक करून Format Axis मध्ये Minimum ला 0 लिहिलं की काम झालं.

आता स्क्रीनशॉट. इथे तर दावा सपशेल चुकतो, कारण ज्या चार्टवर अक्षच नाही त्याचा लपवलेला तळसुद्धा स्क्रीनशॉटवरून काढता येतो. चित्र संगणकावरच्या पेंटमध्ये उघडा. कर्सर जिथे असेल तिथले पिक्सेलचे दोन आकडे खालच्या पट्टीत दिसतात, त्यातला दुसरा उभा. उभी मोजणी वरून खाली वाढते, हे ध्यानात ठेवा. बारच्या तळाचा आकडा वजा माथ्याचा आकडा म्हणजे उंची.

उदाहरण पुन्हा फॉक्सचंच, मार्च २०१४ अखेरचं. ओबामांच्या आरोग्य विमा योजनेत २७ मार्चपर्यंत ६० लाख नोंदण्या, ३१ मार्चचं लक्ष्य ७० लाख ६६ हजार. दोन बार, दोन्हींवर आकडे, अक्षावर एकही आकडा नाही. पहिला बार दुसऱ्याच्या साधारण एक तृतीयांश दिसत होता. समजा मोजल्यावर १०० आणि ३०० पिक्सेल आले. उंचीतला फरक २००, किमतीतला फरक १० लाख ६६ हजार. म्हणजे एका पिक्सेलला ५,३३० माणसं. पहिला बार १०० पिक्सेलांचा, म्हणजे त्यात ५ लाख ३३ हजारच मावले. ६० लाखांतून ते वजा केले की उरतात ५४ लाख ६७ हजार. तळाला शून्याऐवजी हा आकडा दडलेला होता. शून्यापासून काढला असता तर दुसरा ३०० पिक्सेल असताना पहिला २५५ असता. वाहिनीने नंतर दुरुस्त केलेला चार्ट दाखवला.

मात्र दोनच बार असतील तर एक गोष्ट सिद्ध करता येत नाही. दोन बिंदूंतून रेघ नेहमीच जाते, त्यामुळे काढणाऱ्याने खरोखर ५४ लाखांपासून अक्ष घेतला की बार नुसते अंदाजाने ओढले, हे कळत नाही. त्यासाठी तिसरा बार लागतो. समजा एका फॉरवर्डमध्ये तीन वर्षांचे बार आहेत: २०, ३० आणि ४५, उंची ८०, १२० आणि २६० पिक्सेल. पहिल्या दोघांत १० ला ४० पिक्सेल, म्हणजे एकाला ४. तळही शून्य येतो, सगळं चोख. पुढच्या दोघांत १५ ला १४० पिक्सेल, म्हणजे एकाला नऊपेक्षा जास्त. एकाच चार्टमध्ये प्रमाण बदललं. शेवटचा बार १८० चा हवा होता, तो ८० पिक्सेल जास्त ओढला आहे. हे एक्सेलच्या आपोआप अक्षामुळे होत नाही. हाताने काढलेल्या चित्रातच होतं. शाळेत आलेख कागदाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण: १ सेमी = १० विद्यार्थी’ लिहायला लावत, ते याचसाठी.

मोजण्याला मर्यादा आहेत. व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून लहान करतं, कडा धूसर होतात आणि एकदोन पिक्सेलांची चूक धरून चालावं लागतं. ३०० पिक्सेलांच्या बारला ती काहीच नाही, पण दोन बारच्या उंचीतच फक्त पाच पिक्सेलांचा फरक असेल तर काढलेल्या तळावर विश्वास ठेवू नका. चित्र उभं किंवा आडवं ताणलेलं असलं तरी बिघडत नाही, सगळे बार सारखेच ताणले जातात. खालची कड कापून पाठवलेली असेल तर तळ निघत नाही, पण तीन माथ्यांवरून प्रमाण बदललं का ते तरीही कळतं, कारण तिथे लागतात फक्त माथ्यांमधली अंतरं. टीव्हीच्या पडद्याचा तिरका काढलेला फोटो मात्र सोडून द्या, त्यात जवळचा बार आपोआप मोठा होतो. जाडी दाखवलेल्या त्रिमितीय बारचंही तसंच आहे. माथा पुढच्या कडेला धरायचा की मागच्या, हेच ठरत नाही. तिथे छापलेले आकडे कागदावर उतरवून बार स्वतःच पुन्हा काढावेत. दोनतीन बारना किती वेळ लागतो?