चारशे खुर्च्या, म्हणे आरामात

«हॉल बुक करताना फसू नका! लांबी गुणिले रुंदी करा, ६ ने भागा, तेवढ्या खुर्च्या बसतात. ४० बाय ६० फुटांच्या हॉलमध्ये आरामात ४००. कडेच्या वाटा सोडू नका, मधली एक पुरे. ओळींत अडीच फूट भरपूर. हॉलवाला कमी आकडा सांगतो तो मोठा हॉल गळ्यात मारायला. निम्मे लोक जेवायलाच असतात, आमंत्रणं बिनधास्त ८०० द्या. सगळ्यांना पुढे पाठवा.»

हे मला गेल्या वर्षभरात तीनदा आलं आणि तिन्ही वेळा मी पुसून टाकलं. चौथ्यांदा आलं ते मामेभावाकडून, खाली एक ओळ जोडून: «दादा, मांडववाल्याला ४०० खुर्च्या सांगितल्यात, ठीक ना?» त्याच्या मुलीचं लग्न आहे आणि हॉल नेमका ४० बाय ६० चा. आमच्या व्याख्यानमालेच्या खुर्च्या मी वीस वर्षं मांडतोय, म्हणून टेप घेऊन गेलो.

आधी जे खरं आहे ते मान्य करून टाकतो. ६ हा आकडा हवेतून आलेला नाही. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत खुर्च्या असलेल्या सभागृहासाठी माणशी ०.६ चौरस मीटर धरलंय, म्हणजे साडेसहा चौरस फुटांच्या आसपास. पण तो आकडा कशासाठी आहे? आत जास्तीत जास्त किती माणसं असू शकतात हे धरून बाहेर पडायचे दरवाजे आणि जिने किती रुंद ठेवायचे, ते ठरवण्यासाठी. इतक्या खुर्च्या मांडा असं संहिता कुठेच सांगत नाही. त्याच तक्त्यात भोजनकक्षाला माणशी १.५ चौरस मीटर, म्हणजे सोळा चौरस फूट आहेत. ते मात्र फॉरवर्डवाल्याला दिसले नाहीत.

आता टेप लावू. हॉलची खोली ६० फूट. स्टेज १२ फूट. स्टेजपुढे ८ फूट मोकळे लागतातच, कारण फोटोवाले तिथे उभे राहणार आणि आहेर द्यायची रांगही तिथूनच वळणार. मागे दरवाज्यापाशी ६ फूट. खुर्च्यांना उरले ३४ फूट. पाठीपासून पाठीपर्यंत ३ फूट धरले तर ११ ओळी. रुंदी ४० फूट. मधली वाट ६ फूट, कारण मामा नवरीला घेऊन तिथून येणार आणि बरोबर चारपाच करवल्या असणार. कडेच्या वाटा चार-चार फूट. मग दोन्ही बाजूंना १३-१३ फूट उरतात. बिनहाताच्या खुर्चीला शेजारच्या फटीसकट २२ इंच लागतात, म्हणजे एका बाजूला ७ आणि ओळीत १४. चौदा गुणिले अकरा, १५४. हाताच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या तर एकीला दोन फूट जातात, ओळीत १२ बसतात आणि आकडा १३२ वर येतो.

बरं, फॉरवर्डवाल्याचं सगळं ऐकू. कडेच्या दोन्ही वाटा बुजवल्या तर ओळीत १८ खुर्च्या होतात. ओळींत अडीच फूट ठेवले तर ओळी १३. झाल्या २३४! चारशे तरीही नाहीत. ४०० खुर्च्यांना माणशी सहा फूट दिले की २४०० चौरस फूट संपले, म्हणजे हॉल संपला. स्टेजचे ४८० फूट कुठून आणायचे? नवरानवरीला बहुधा पहिल्या ओळीतल्या दोन खुर्च्यांवर उभं करून अंतरपाट धरायचा बेत असावा.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ती कडेच्या वाटांची. वाटा बुजवून ११ ओळींत किती मिळतात? ओळीमागे चार, म्हणजे ४४ खुर्च्या. त्यांच्यासाठी भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला बाहेर पडायला आठ जणांचे गुडघे ओलांडावे लागतात. तो माणूस बहुतेक वेळा कुणाची तरी आजी असते, कारण «तिथे कोपऱ्यात निवांत बसा» असं आपणच तिला सांगितलेलं असतं. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात खालच्या ट्रान्सफॉर्मरच्या आगीचा धूर वर चढला. बाल्कनीत उजवीकडची वाट जादा खुर्च्या टाकून बंद केलेली होती आणि त्या बाजूचं दार एका खासगी बॉक्सने अडलं होतं. ५९ माणसं गेली. तिथल्या खुर्च्या निदान जमिनीला ठोकलेल्या होत्या. आपल्या सुट्या खुर्च्या तर पळापळीत आडव्या होऊन उरलीसुरली वाटही अडवतात.

म्हणूनच ओळींतलं अडीच फूट अंतरही भरपूर नाही. खुर्चीचीच खोली २२ इंच. अडीच फुटांतून ती वजा केली की ८ इंच उरतात, वीतभरही नाही. मंगलाष्टकांना सगळे एकदम उभे राहतात, पोटऱ्यांनी खुर्च्या मागे ढकलल्या जातात, मागचे त्यांच्या मागे ढकलतात, आणि दुसरं कडवं संपेपर्यंत शेवटच्या ओळीने दरवाज्यापुढची जागा खाल्लेली असते. पारखायचं असेल तर पुढच्या खुर्चीच्या पाठीपासून मागच्या खुर्चीच्या कडेपर्यंत वीत लावून बघा. दीड वीत भरली तर ठीक. आणि तीन-तीन खुर्च्यांचे पाय सुतळीने एकमेकांना बांधा, म्हणजे ओळ सहज सरकत नाही. मांडववाला कुरकुरेल, पण बांधतो.

व्याख्यानाचं गणित वेगळं आहे. तिथे आहेराची रांग नसते आणि करवल्याही नसतात. त्याच हॉलमध्ये स्टेज १० फूट, पुढे ५, मागे ४, मधली वाट ४ आणि कडेच्या तीन-तीन ठेवल्या, ओळींत ३३ इंच दिले, तर ओळीत १६ आणि १४ ओळी, म्हणजे २२४ माणसं नीट बसतात. ३३ इंच इथे चालतात, कारण श्रोते एकदम उठत नाहीत. (आमच्याकडे प्रश्नोत्तरांना तेही होतं, असो.)

हॉलवाले लबाड असतात का? काही असतात. पण माझ्या अनुभवात ते आकडा वाढवून सांगतात, कमी करून नाही. त्यांच्या माहितीपत्रकातल्या «क्षमता ५००» मध्ये जेवणघर आणि अंगणही धरलेलं असतं.

राहिली ८०० आमंत्रणं. स्वागत समारंभाला लोक तीन तास येत-जात राहतात, तिथे निम्म्यांचा हिशेब थोडाफार चालतो. मुहूर्ताला तो चालत नाही. १२ वाजून २३ मिनिटांचा मुहूर्त असेल तर सव्वाबाराला सगळे आतच असतात, पंगत अजून बसलेली नसते, आणि अक्षता हातात घेतलेला माणूस जागा नाही म्हणून बाहेर जात नाही. तो वाटेत उभा राहतो.

मामेभावाने आता आत १५४ सांगितल्यात. उरलेल्यांपैकी १२० अंगणातल्या मांडवात, मंगलाष्टका ऐकू येतील असा कर्णा लावून. बाकीच्या परत. मांडववाला म्हणाला, «ते बरं केलंत, चारशेचा टेम्पो आणला असता तरी अडीचशे गॅलरीतच रचून ठेवल्या असत्या.» गॅलरीत म्हणजे मागच्या दरवाज्यासमोर. तेवढी जागा मोकळी ठेवायला त्याला आता बजावून सांगितलंय.